मुद्दल कुठे सुटते?

ऑप्शन शिकवणाऱ्या वर्गांत एक वाक्य हमखास कानावर पडते: "शेअर वर गेला तरी कमाई, खाली गेला तरी कमाई." ते स्ट्रॅडलबद्दल असते. एकाच शेअरचा, एकाच भावाचा आणि एकाच मुदतीचा कॉल आणि पुट असे दोन्ही एकदम विकत घेतले की झाले स्ट्रॅडल. आपल्या बाजाराला ही चीज नवी नाही. १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजीमंदी, गल्ली हे बाजारातले शब्द जसेच्या तसे घातलेले आहेत, आणि कॉल-पुटची अशी जोडी म्हणजेच तेजीमंदी. त्याच कायद्याने शेअरांवरचे हे सौदे बंदही करून टाकले होते. १९९५ मध्ये ती बंदी उठली आणि २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात ऑप्शनचे व्यवहार सुरू झाले.

वर्गातले ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यात न सांगितलेला भाग आलेखाच्या एका कागदावर उमटतो, आणि तो पाहायला गणिताची बेरीज-वजाबाकीच पुरते. अट एकच: आकृतीत दोन रेषा काढायच्या. पहिली रेषा सांगते, मुदतीच्या दिवशी या सौद्यातून हातात किती रुपये येतील. तिला आपण प्राप्तीची रेषा म्हणू. दुसरी सांगते, सौद्यासाठी आधी मोजलेले पैसे वजा केल्यावर काय उरेल. ती नफ्याची रेषा. ही दुसरी रेषा शून्याला जिथे छेदते तिथे मुद्दल सुटते, ना नफा ना तोटा. बाजारात या जागेला ब्रेक-इव्हन म्हणतात. ऑप्शनमध्ये पैसे घालणाऱ्याने सगळ्यांत आधी हीच जागा शोधावी असे माझे ठाम मत आहे, कारण बहुतेक फसगत या दोन रेषांची गल्लत केल्याने होते.

असे मोडक्या रेषांचे आलेख लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० मध्ये पॅरिसला सादर केलेल्या सट्ट्याच्या सिद्धांतावरील प्रबंधात काढले होते. आज ब्रोकरच्या ॲपवर हिरव्या-लाल रंगात दिसते ती आकृती मुळात तीच. पण ॲपने काढून दिलेली आकृती पाहणे वेगळे आणि स्वतः काढणे वेगळे. म्हणून आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर मुदतीच्या दिवशी शेअरचा भाव काय असेल ते लिहा, ८५० पासून ११५० पर्यंत, पन्नास-पन्नासच्या टप्प्यांनी. उभ्या अक्षावर रुपये: मध्ये शून्य, वर नफा, खाली तोटा.

उदाहरणासाठी एक शेअर घेऊ. आजचा भाव १००० रुपये, ऑप्शनची मुदत संपायला एक महिना. १००० च्या कॉलचा प्रीमियम ३१ रुपये, १००० च्या पुटचा २६, १०५० च्या कॉलचा १२ आणि ९५० च्या पुटचा ९. शेअर कल्पित आहे, पण आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. खऱ्या बाजारात हे भाव एकमेकांना जसे बांधलेले असतात तसेच ते इथे आहेत, आणि त्या बांधिलकीचे काम पुढे पडणार आहे. सगळा हिशोब एका शेअरमागे केला आहे. प्रत्यक्षात ऑप्शन लॉटने घ्यावे लागतात, तेव्हा लॉटमध्ये पाचशे शेअर असतील तर इथल्या प्रत्येक रुपयाला पाचशेने गुणायचे.

आधी नुसता कॉल. १००० चा कॉल म्हणजे मुदतीच्या दिवशी तो शेअर १००० रुपयांना घेण्याचा हक्क. हा ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक. त्या दिवशी बाजारात शेअर १००० ला किंवा त्याहून स्वस्त मिळत असेल तर हक्क बजावण्यात अर्थ नाही, प्राप्ती शून्य. शेअर १०२० ला असेल तर प्राप्ती २०, १०८० ला असेल तर ८०. म्हणजे प्राप्तीची रेषा १००० पर्यंत शून्यावर सपाट चालते, तिथे मोडते आणि मग तिरकी वर चढते, भाव एक रुपया वाढला की तीही एक रुपया. ती शून्याखाली कधीच जात नाही, कारण हक्क बजावायची सक्ती नसते.

आता प्रीमियमचे ३१ रुपये वजा करा. अख्खी रेषा जशीच्या तशी ३१ रुपयांनी खाली सरकते. मोड १००० वरच राहतो, पण शून्याला छेद मात्र १०३१ वर जातो. या दोन जागांची कामे वेगळी आहेत. मोड सांगतो, हक्क बजावायचा की नाही. छेद सांगतो, मुद्दल सुटले की नाही. मुदतीला शेअर १०१५ ला असेल तर हा माणूस तोट्यात आहे, तरीही हक्क बजावणेच शहाणपणाचे, कारण १५ रुपये पदरात पडले की ३१ चा तोटा १६ वर येतो. "मुद्दल सुटत नाही तर हक्क कशाला बजावायचा" असे म्हणणारा माणूस गेलेल्या ३१ रुपयांपायी येणारे १५ सोडून देतो.

पुटची रेषा याच्या उलट. १००० चा पुट म्हणजे १००० ला विकण्याचा हक्क. शेअर ९६० ला आला तर प्राप्ती ४०, १००० च्या वर शून्य. २६ रुपये वजा केले की छेद ९७४ वर.

स्ट्रॅडल म्हणजे या दोन रेषांची बेरीज. प्रत्येक भावाला कॉलची प्राप्ती आणि पुटची प्राप्ती मिळवा. १००० ला दोन्ही शून्य. १०४० ला कॉलचे ४०, पुटचे काही नाही. ९४० ला पुटचे ६०, कॉलचे काही नाही. बिंदू जोडले की इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार तयार होतो. त्याचे टोक १००० वर शून्याला टेकलेले, बाकी सगळा आकार शून्याच्या वर. वर्गातले ते वाक्य या रेषेपुरते अगदी खरे आहे. एक १००० चा भाव सोडला तर प्रत्येक भावाला काही ना काही हातात येतेच.

पण हे दोन हक्क ३१ अधिक २६ म्हणजे ५७ रुपयांना घेतले आहेत. अख्खा व्ही ५७ रुपयांनी खाली आणा. टोक आता उणे ५७ वर जाते आणि शून्याच्या रेषेला दोन ठिकाणी छेद मिळतो, ९४३ आणि १०५७. स्ट्राइकमध्ये एकूण प्रीमियम मिळवला की वरचा छेद, वजा केला की खालचा. इथे नवख्यांची एक चूक नेहमी होते. वरचा छेद काढताना ते फक्त कॉलचे ३१ धरतात आणि १०३१ ला मुद्दल सुटले असे समजतात. शेअर वर गेला की पुटवर घातलेले २६ रुपये बुडालेले असतात, ते कॉललाच भरून काढावे लागतात. पडताळा सोपा आहे: १०५७ ला कॉलची प्राप्ती ५७, पुटची शून्य, खर्च ५७. फिटंफाट.

९४३ ते १०५७ या ११४ रुपयांच्या पट्ट्यात कुठेही शेअर थांबला तरी तोटा. एका महिन्यात भाव कोणत्याही दिशेने ५.७ टक्क्यांहून जास्त हलावा लागेल, तेव्हा कुठे नफ्याला सुरुवात. शेअर १००० वरून १०४० ला गेला, म्हणजे महिन्यात चार टक्के वाढला, तर "वर गेला तरी कमाई" म्हणणाऱ्याला प्राप्ती ४० आणि तोटा १७. स्ट्रॅडल घेणारा दिशेवर पैज लावत नाही हे खरे, पण हालचालीच्या आकारावर लावतो. आणि तो आकार किती हे बाजाराने त्या ५७ रुपयांत आधीच सांगितलेले असते. हालचाल होईल एवढे वाटून भागत नाही. बाजाराला वाटते त्याहून मोठी होईल, असे वाटायला काहीतरी कारण हवे.

आकृती एक गोष्ट मात्र दाखवत नाही. आडव्या अक्षावर ८५० ते ९०० या पट्ट्याला जेवढी रुंदी दिली आहे तेवढीच ९७५ ते १०२५ या पट्ट्याला आहे. साहजिकच व्हीचे दोन उंच हात डोळ्यात भरतात आणि मधला खड्डा अरुंद वाटतो. पण महिन्याभरात शेअर कुठे असेल याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. आजच्या भावाच्या आसपास ती दाटलेली असते आणि दूर जावे तशी विरळ होते. उदाहरणातले प्रीमियम ज्या चढउताराच्या अंदाजावर बेतले आहेत तोच धरला, तर शेअर त्या तोट्याच्या पट्ट्यात थांबण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. म्हणजे अनेकदा थोडे-थोडे जाईल आणि क्वचित बरेच येईल, असा हा सौदा आहे. शक्यतेचा टेकडीसारखा आकार त्याच कागदावर पेन्सिलने हलकासा काढून ठेवावा. मग ॲपवरचे हिरवे पट्टे कितीही मोठे दिसले तरी नजर भलतीकडे जात नाही.

दुसरी मर्यादा दिवसाची. ही सरळ रेषांची आकृती फक्त मुदतीच्या दिवसाची आहे. त्याआधी प्रत्येक ऑप्शनमध्ये उरलेल्या दिवसांची किंमत असते, म्हणून आधीच्या कुठल्याही दिवशी व्हीचे टोक गोलसर असते आणि आकार सरळ रेषांच्या वर तरंगतो. दिवस सरतात तसा तो खाली येत जातो. शिवाय बाजाराचा चढउताराचा अंदाज बदलला की तो एकदम वर किंवा खाली सरकतो. कंपनीचे तिमाही निकाल तोंडावर असताना हा अंदाज फुगलेला असतो. निकाल लागला, अनिश्चितता संपली, की तो पहिल्याच सत्रात खाली बसतो. आपल्याच शेअरचे बघा. स्ट्रॅडल ५७ ला घेतले, दहा दिवसांनी निकाल लागला आणि शेअर तीन टक्क्यांनी वाढून १०३० ला गेला. मुदतीला अजून वीस दिवस आहेत. पण चढउताराचा अंदाज वार्षिक २५ टक्क्यांवरून १६ वर आला असेल, तर कॉलचा भाव साधारण ३७ आणि पुटचा ४ होतो. विकून ४१ येतात, १६ रुपये गेले. निकाल चांगला लागला, शेअर वाढला, कॉलही वाढला, तरी तोटा कसा, हा प्रश्न दर तिमाहीला नव्या लोकांना पडतो. त्याचे उत्तर या खाली सरकलेल्या वक्र रेषेत आहे.

मग हीच आकृती उलटी केली तर? स्ट्रॅडल विकणाऱ्याची नफ्याची रेषा म्हणजे आडव्या अक्षात उलटा केलेला व्ही, डोंगराच्या शिखरासारखा. शिखर ५७ वर, छेद त्याच दोन जागी, आणि दोन्ही बाजूंचे उतार खाली जातच राहतात. शेअर शांत राहिला तर महिन्याकाठी ५७ रुपये. मोह मोठा आहे, कारण शक्यतेची टेकडी नेमकी या शिखराखालीच असते. बेरिंग्ज या १७६२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या बँकेच्या सिंगापूरच्या शाखेत निक लीसन हा व्यवहार करणारा कर्मचारी जपानच्या निक्केई निर्देशांकावर अशीच स्ट्रॅडल विकत होता. आधीचे तोटे त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवले होते आणि विक्रीतून येणारा प्रीमियम त्याला हवा होता. निर्देशांक स्थिर राहील तोवर हे चालले असते. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला आणि २३ तारखेला निक्केई एका दिवसात हजाराहून अधिक अंकांनी कोसळला. बाजार सावरावा म्हणून त्याने निर्देशांकाचे फ्युचर्स प्रचंड प्रमाणात घेतले आणि तोटा आणखी वाढवला. महिना-सव्वा महिन्यात एकूण तोटा ८२ कोटी पौंडांवर गेला, बँक बुडाली, आणि डच कंपनी आयएनजीने ती एका पौंडाला घेतली. बुडवण्यात फ्युचर्सचा वाटा मोठा होता, पण उताराची सुरुवात त्या उलट्या व्हीवर झाली. ज्या आकृतीत रेषा कागदाच्या कडेपर्यंत खाली जाते, तिथे छेद कुठे आहे याइतकेच कडेपलीकडे काय आहे हेही विचारायला हवे.

बुल स्प्रेडमध्ये हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही टोके बंद असतात. शेअर वाढेल, पण फार नाही, असे ज्याला वाटते त्याने १००० चा कॉल ३१ ला घ्यायचा आणि १०५० चा कॉल १२ ला विकायचा. खिशातून निव्वळ १९ रुपये जातात. प्राप्तीची रेषा १००० पर्यंत सपाट, १००० ते १०५० चढती, आणि पुढे ५० वर पुन्हा सपाट. पुढे ती का थांबते? १०५० च्या वर आपला कॉल जेवढा वाढतो तेवढेच विकलेल्या कॉलपायी द्यावे लागते. १०८० ला ८० येतात, ३० जातात, उरतात ५०. आता ही रेषा १९ ने खाली आणा. जास्तीत जास्त तोटा १९, जास्तीत जास्त नफा ३१, आणि छेद १०१९ वर. मोड दोन, पण छेद एकच.

नुसत्या कॉलची नफ्याची रेषा त्याच कागदावर काढली की निवड स्वच्छ दिसते. कॉलचे मुद्दल १०३१ ला सुटते, स्प्रेडचे १०१९ ला, बारा रुपये आधी. विकलेल्या कॉलचे १२ रुपये ते हेच. पुढे कॉलची चढती रेषा स्प्रेडच्या सपाट छताला १०६२ वर छेदते, कारण तिथे कॉलचा नफाही ३१ होतो. मुदतीला शेअर १०६२ च्या खाली असेल तर स्प्रेड सरस, वर असेल तर नुसता कॉल. स्प्रेड घ्यावा की कॉल, या वादात माझ्या मते हा १०६२ चा आकडाच कामाचा आहे. शेअर महिन्यात सव्वासहा टक्क्यांहून जास्त वाढेल असे खरोखर वाटत असेल तरच कॉलचे जास्तीचे बारा रुपये मोजावेत.

प्राप्ती आणि नफा या दोन रेषा वेगळ्या का ठेवायच्या, हे स्प्रेडमध्ये सर्वांत चांगले समजते. हाच स्प्रेड पुट वापरूनही करता येतो. १०५० चा पुट विकायचा आणि १००० चा घ्यायचा. वरच्या भावांना जुळणारा १०५० च्या पुटचा भाव ५७ होतो. ५७ आले, २६ गेले, सुरुवातीलाच ३१ हातात. मुदतीला शेअर १०५० च्या वर असेल तर काही द्यावे लागत नाही, १००० च्या खाली असेल तर ५० द्यावे लागतात. प्राप्तीची रेषा इथे शून्यापासून उणे ५० पर्यंत, म्हणजे सगळीच शून्याखाली. कॉलच्या स्प्रेडची शून्यापासून ५० पर्यंत, सगळीच वर. पण पुटच्या रेषेला हाती आलेले ३१ मिळवा: वर ३१, खाली उणे १९, छेद १०१९. नफ्याच्या रेषा तंतोतंत एक. "यात पैसे घालावेच लागत नाहीत, उलट मिळतात" असे सांगून पुटचा स्प्रेड कोणी गळ्यात मारत असेल तर त्याला ही दुसरी रेषा काढायला सांगावे.

बुल स्प्रेडची आकृती बंदिस्त असली तरी भारतात एक गोष्ट तिच्या बाहेर राहते. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे शेअरांवरच्या सगळ्या ऑप्शनचा निपटारा रोखीने न होता शेअर देऊन-घेऊन होतो. मुदतीला शेअर १०३० ला थांबला असे समजा. १०५० चा कॉल निकामी झाला, पण १००० चा आपला कॉल बजावला जाणार. आकृती सांगते नफा ११ रुपये. प्रत्यक्षात लॉटमधल्या प्रत्येक शेअरमागे १००० रुपये भरून शेअर उचलावे लागतात. पाचशेच्या लॉटला स्प्रेडसाठी साडेनऊ हजार घातलेल्या माणसापुढे पाच लाखांची मागणी येते. मुदतीच्या आधीचे काही दिवस त्यासाठी वाढीव मार्जिनही लागते. ते नसेल तर ब्रोकर सौदा मोडतो, तोही मिळेल त्या भावाला. म्हणून दोन मोडांच्या मधल्या उतारावर भाव रेंगाळत असेल तर मुदतीआधीच दोन्ही बाजू विकून-घेऊन मोकळे व्हावे. निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये ही अडचण नाही, तिथला हिशोब रोखीचा असतो. आणि दलाली, कर, बाजाराचे शुल्क हे सगळे छेदाची जागा सरकवतात. १९ रुपयांच्या स्प्रेडमध्ये येता-जाता चार बाजूंचा खर्च एक रुपया आला तर मुद्दल १०२० ला सुटते आणि जास्तीत जास्त नफा ३० होतो.

राहिला प्रोटेक्टिव्ह पुट. इथे शेअर आपल्याकडे असतो आणि त्याच्या घसरणीवर विमा काढावा तसा पुट घेतलेला असतो. नुसत्या शेअरची नफ्याची रेषा म्हणजे १००० वर शून्यातून जाणारी सरळ तिरकी रेषा. तिच्यात १००० च्या पुटची रेषा मिळवा. १००० च्या खाली शेअर जेवढा घसरतो तेवढीच पुटची प्राप्ती वाढते, म्हणून बेरीज सपाट होते, उणे २६ वर. वरच्या बाजूला ती शेअरबरोबर चढते, पण २६ रुपये मागे राहून. छेद १०२६ वर. शेअर सातशेला आला तरी तोटा २६ च. ९५० चा पुट ९ रुपयांना घेतला तर छेद १००९ वर येतो, पण तळ उणे ५९ वर जातो: पहिले पन्नास रुपये आपले आपण सोसायचे, वर प्रीमियमचे नऊ. स्वस्त पुट आणि महाग पुट यांतला फरक एवढाच. दोन्ही तळ आणि दोन्ही छेद एकाच कागदावर शेजारी काढले की कुठला परवडतो ते ज्याचे त्याला ठरवता येते.

इथे एक प्रश्न हमखास येतो. शेअर काही वर्षांपूर्वी ७०० ला घेतला असेल तर? मग १००० चा पुट घेतल्यावर मुद्दल ७२६ ला सुटते असे काही जण काढतात. वजाबाकी बरोबर असली तरी तो आकडा आकृतीत कुठेच नाही. पुट हातात असताना १००० च्या खाली नफ्याची रेषा अधिक २७४ वर सपाट आहे, ती शून्याला छेदतच नाही. जुन्या खरेदीचा भाव कर भरताना लागेल. पुट घ्यावा की नाही हे ठरवताना आजचे १००० रुपयेच धरावेत, कारण आज विकून तेवढे मिळत आहेत आणि जोखीम त्या रकमेची आहे. तेव्हा छेद १०२६ च.

शेअर अधिक पुट ही आकृती नीट पाहिली तर ओळखीची वाटेल. डावीकडे सपाट, १००० वर मोड, मग चढ. हा कॉलचाच आकार. मग कॉल ३१ ला का आणि इथला तोटा २६ च का? शेअर आणि पुट मिळून १०२६ रुपये गुंततात. त्याऐवजी ३१ चा कॉल घ्या आणि उरलेले ९९५ रुपये महिन्याभरासाठी सुरक्षित ठेवीत ठेवा. महिन्याला साधारण अर्धा टक्का व्याजाने त्याचे १००० होतात. शेअर कोसळला तर दोन्हीकडे हातात १०००. १०८० ला गेला तर दोन्हीकडे १०८०. गुंतवणूक सारखी, प्राप्ती सारखी. कॉलच्या ३१ मधले ५ रुपये म्हणजे ते व्याज. सुरुवातीला आकडे एकमेकांना बांधलेले आहेत म्हटले ती बांधिलकी हीच. कॉल आणि पुटच्या भावात याहून मोठी तफावत दिसली की व्यावसायिक लोक एक विकून दुसरे घेतात आणि ती काही क्षणांत बुजते. मधल्या काळात कंपनी लाभांश देणार असेल तर तो फरक या हिशोबात येतो, कारण लाभांश शेअरवाल्याला मिळतो, कॉलवाल्याला नाही.

या संरक्षणाची खरी किंमत मात्र एका महिन्याच्या आकृतीत मावत नाही. महिना संपला की पुटही संपतो. शेअर तिथेच १००० ला आहे आणि भावही तेच आहेत असे धरून दर महिन्याला १००० चा पुट घेत राहिलो, तर वर्षात २६ चे बारा हप्ते, म्हणजे ३१२ रुपये जातात. मुद्दल सुटायला शेअर वर्षात ३१ टक्के वाढावा लागेल. ९५० चा पुट घेत राहिलो तरी १०८ रुपये. एवढा खर्च सोसून शेअर धरून ठेवण्यापेक्षा त्यातला काही भाग विकून टाकणे कित्येकदा स्वस्त पडते. प्रीमियम मुदतीच्या प्रमाणात वाढत नाही, बराच कमी वाढतो. आपल्या उदाहरणातला चढउतार धरला तर वर्षभराचा १००० चा पुट सत्तर रुपयांच्या आसपास यायला हवा, बारा हप्त्यांच्या चौथ्या भागाहूनही कमी. पण आपल्या बाजारात एकेका शेअरवरचे ऑप्शन तीन महिन्यांपलीकडे मिळत नाहीत. लांब मुदतीचे पुट निफ्टीवर असतात. ज्याचा शेअरसंच बाजाराबरोबर वर-खाली होतो त्याला ते चालू शकतात. ज्याचे सगळे पैसे एकाच कंपनीत आहेत त्याला नाही, कारण निफ्टी जागेवर राहून ती एक कंपनी कोसळली तर पुटची प्राप्ती शून्य असते.